केक मध्येच का बसतो: सोडा, दार आणि फेटणं

प्रश्न: सांगलीत राहते, बिनअंड्याचा दह्याचा केक ओटीजीत करते. दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, दोन चमचे बेकिंग पावडर, एक चमचा सोडा. सगळं घालून बीटरने पाच मिनिटं फेटते. १८० वर ठेवते, वीस मिनिटांनी दार उघडून बघते. फुगतो मस्त, पण शेवटी मध्ये खड्डा पडतो. नणंद पाचगणीला असते, तिचा तर हाच केक आणखी बसतो. चूक नक्की कुठे होते? दार उघडल्यामुळे का?

उत्तर:

दाराला जेवढा दोष देतात तेवढा त्याचा नसतो. तुमच्या केकमध्ये मुख्य गोंधळ सोड्याचा आहे. दार उघडल्याने त्यात भर पडते, आणि फेटण्याचा भाग तिसरा. मिश्रण बेताने फुगणारं असेल, तर भाजत आल्यावर दहा सेकंद दार उघडलं तरी केक बसत नाही. गरजेपेक्षा जास्त वायू भरलेलं मिश्रण मात्र दार बंद ठेवूनही बसतं. त्यामुळे आधी दाराला कुलूप लावून उपयोग नाही, आधी चमचे मोजायला हवेत.

पहिल्यांदा एक गोष्ट बघा: केक कधी बसतो? पुढच्या वेळी काचेतून, आतला दिवा लावून किंवा मोबाईलच्या उजेडात, पंधराव्या मिनिटापासून लक्ष ठेवा. दार न उघडताच विसाव्या ते पंचविसाव्या मिनिटाला मधला भाग टम्म फुगून खाली जाऊ लागला, तर सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त आहे. ओव्हनमध्ये शेवटपर्यंत नीट उभा राहिला आणि बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटांत मध्ये गेला, तर आतून कच्चा होता. गार होताना वरचा फुगवटा थोडा सपाट झाला, तर ते सगळ्याच केकचं होतं, त्याची काळजी करायची नाही. या तिन्ही गोष्टींना आपण 'केक बसला' असंच म्हणतो, म्हणून उपाय चुकतात.

आता मध्येच का? भांड्यातल्या मिश्रणाला उष्णता कडेकडून आणि तळाकडून मिळते. कडेचा भाग आधी शिजून घट्ट होतो, मधला सर्वांत शेवटी. सात इंची भांड्यात कडा पंधरा मिनिटांत उभ्या राहिलेल्या असतात, पण मधोमध अजून दाट पिठल्यासारखं पातळ असतं. तिथे बुडबुडे फुगत राहतात: फेटताना शिरलेली हवा, सोड्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगला की या बुडबुड्यांभोवतीच्या भिंती पक्क्या होतात. मिश्रणात साखर असल्यामुळे हे साध्या कणकेपेक्षा उशिरा होतं, मधला भाग ८५-९० अंशांच्या पुढे गेला की मग. बुडबुडे फुगणं आणि भिंती पक्क्या होणं, या दोन्हींची वेळ जुळली तर केक उभा राहतो. बुडबुडे आधीच फार मोठे झाले, तर ते एकमेकांत मिसळतात, वर येऊन फुटतात, आणि मधलं पातळ मिश्रण खाली बसतं.

बिनअंड्याच्या केकमध्ये हा प्रश्न जास्त येतो तो याचमुळे. अंडं असलं की त्यातली प्रथिनं घट्ट होऊन भिंतींना आधार देतात. अंडं नसलं की जवळपास सगळा भार मैद्यावर. म्हणजे मध्यभाग पातळ राहण्याचा काळ लांबतो आणि जादा वायू सोसण्याची ताकद घटते. 'अंडं नाही, मग सोडा थोडा जास्त घालू' हा हिशेब नेमका उलटा पडतो.

तुमच्या मापांकडे येऊ. एक कप, म्हणजे २४० मिली मापाचा सपाट कप, मैदा साधारण १२५ ग्रॅम भरतो. दीड कप म्हणजे १९० ग्रॅमच्या आसपास. अंड्याच्या साध्या केकला एका कपामागे एक ते सव्वा चमचा बेकिंग पावडर पुरते. बिनअंड्याच्या केकला थोडी जास्त चालते, पण थोडीच. सोडा बेकिंग पावडरच्या तीन ते चार पट तेज असतो. म्हणजे तुमचा एक चमचा सोडा तीन-चार चमचे बेकिंग पावडरच्या बरोबरीचा, आणि त्यात दोन चमचे पावडर वेगळी. एकूण पाच-सहा चमच्यांएवढा जोर झाला, दीड कप मैद्याला. या केकला अडीच-तीनच्या पुढे गरज नाही.

त्यातून 'चमचा' कुठला, हा प्रश्न आहेच. पाककृतीतला चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा, आणि तोही सपाट, सुरीच्या पाठीने वरचं काढून टाकलेला. घरातला चहाचा चमचा कमीजास्त मापाचा असतो, आणि आपण तो सहसा शीग लावून भरतो. तसा भरलेला चमचा सपाट चमच्याच्या दीडपट, कधी दुपटीलाही जातो. साध्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ही मापं नीट येत नाहीत. एक सपाट चमचा बेकिंग पावडर जेमतेम ४ ग्रॅम भरते आणि सोडा ५ ग्रॅमच्या आसपास. एक ग्रॅमने इकडेतिकडे होणारा काटा इथे निरुपयोगी. मापाच्या चमच्यांचा संच भांड्यांच्या दुकानात मिळतो, तोच वापरा.

सोड्याला आणखी एक मर्यादा आहे, ती दह्याची. सोडा पूर्ण काम करतो तो आंबटाबरोबर. एक कप दह्यातला आंबटपणा साधारण अर्धा चमचा सोडा संपवतो, बेकिंग पावडरमध्ये तिची आंबट बाजू आधीच घातलेली असते. तुमचा उरलेला अर्धा चमचा सोडा कोणाशी जुळणार? तो नुसत्या उष्णतेने फुटतो, तेही अर्धवट. थोडा वायू देतो आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, ठेवून जातो. तुमचा केक जिभेला किंचित साबणासारखा किंवा कडवट लागत असेल आणि वरून हवा त्यापेक्षा गडद तांबूस होत असेल, तर कारण हेच. एखाद्या दिवशी दही जास्त आंबट असेल तर चव थोडी झाकली जाते, पण फुगवटा तेवढाच राहतो आणि खड्डाही.

केक कापून बघितला की याची खूण दिसते. मधोमध उभा काप घ्या. वरच्या भागात मोठी, वेडीवाकडी, एकमेकांत शिरलेली जाळी, खड्ड्याखाली मात्र घट्ट, दाबलेला पट्टा, आणि कडेचा भाग मध्यापेक्षा उंच आणि बऱ्यापैकी चांगला, असं असेल तर जास्त फुगवल्याचं नक्की. मध्ये ओलसर, चकचकीत, पुडिंगसारखी रेघ असेल आणि बाकी जाळी बारीक व सारखी असेल, तर केक कच्चा राहिला. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तरी आश्चर्य नाही, कारण बसलेला घट्ट भाग शिजायलाही जास्त वेळ घेतो.

म्हणून पुढच्या खेपेला फक्त एवढंच बदला: बेकिंग पावडर एक सपाट चमचा, सोडा अर्धा सपाट चमचा. मैदा, दही, साखर, तेल तेच. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर केक जमला तरी कशामुळे जमला ते कळत नाही. हा केक ओव्हनमध्ये आधीपेक्षा कमी फुगलेला दिसेल. त्याने घाबरून जायचं नाही. गार झाल्यावरची उंची मोजा, ती जास्त भरेल.

सोडा घालण्याची रीतही बघा. बऱ्याच ठिकाणी दही-साखर फेटून त्यात सोडा आणि बेकिंग पावडर घालायला आणि फेस येईपर्यंत पाच मिनिटं थांबायला सांगतात. फेस बघायला छान वाटतो, पण तो वायू वाटीतच उडून जातो. ढोकळ्याच्या पिठात फ्रूट सॉल्ट घातल्यावर आपण थांबत नाही, लगेच उकडायला ठेवतो, तसंच इथेही. सोडा आणि पावडर मैद्याबरोबर दोनदा चाळून घ्या, म्हणजे गुठळी राहत नाही. सोड्याची गुठळी राहिली तर तेवढ्या जागी पिवळा, कडू ठिपका आणि एक मोठं भोक पडतं. दही फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी काढून ठेवा. आणि मिश्रण करायला घेण्याआधी ओव्हन तापलेला हवा. मिश्रण तयार करून ओव्हन तापायची वाट बघत बसलात, तर सोड्याचा पहिला जोर ओट्यावरच संपतो.

फेटण्याबद्दल. मैदा पडल्यानंतर पाच मिनिटं बीटर हे जास्तच आहे. पण ते केक मध्ये बसण्याचं थेट कारण क्वचितच असतं, आणि इथे बहुतेक लोक गल्लत करतात. मैदा ओला झाल्यावर तो जितका ढवळाल तितकं त्यात ग्लुटेन, म्हणजे पोळीच्या कणकेत येतो तो लवचीकपणा, तयार होतं. त्या ग्लुटेनमुळे केक चिवट होतो, आत खालून वर जाणारे लांब बोगदे पडतात, वर टोक येऊन तडा जातो, आणि गार होताना केक सगळ्या बाजूंनी आकसतो. या खुणा मधल्या खड्ड्यापेक्षा वेगळ्या आहेत. खड्डा पडण्यात फेटण्याचा हात असतो तो दोन मार्गांनी. बीटरच्या जोरात खूप हवा कोंडली जाते आणि ती सोड्याच्या वायूत मिळून बुडबुडे आणखी मोठे करते. आणि दुसरं म्हणजे त्या पाच मिनिटांत दह्याने सोड्याचा बराच वायू आधीच बाहेर काढलेला असतो, म्हणून फुगवटा कमी वाटतो आणि पुढच्या वेळी माणूस सोडा वाढवतो. तुमचा एक चमचा बहुधा असाच वाढत गेला असणार.

बीटर वापरायचाच तर मैदा घालण्याआधी वापरा. दही आणि साखर एकत्र करून साखर विरघळेपर्यंत फेटा, मग तेल आणि व्हॅनिला घालून एक मिनिट. इथवर कितीही फेटलं तरी बिघडत नाही, कारण मैदा नाही म्हणजे ग्लुटेनही नाही. मग चाळलेला मैदा दोन भागांत घाला आणि साध्या व्हिस्कने किंवा स्पॅच्युलाने तळापासून वर घेत मिसळा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. बारीकसारीक गाठी राहिल्या तर राहू द्या, भाजताना त्या विरतात. मिश्रण फार घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध. चमच्यावरून जाड धारेत पडायला हवं.

(लोण्याच्या, अंड्याच्या केकमध्ये लोणी आणि साखर चार-पाच मिनिटं फेटणं योग्यच असतं, तो वेगळा प्रकार. फक्त सांगलीच्या एप्रिल-मे मध्ये लोणी ओट्यावर वितळतं आणि वितळलेल्या लोण्यात हवा धरली जात नाही. ते थोडं गार असतानाच फेटायला घ्यावं.)

आता दार. वीस मिनिटांनी उघडणं ही सर्वांत वाईट वेळ आहे, कारण त्या वेळी कडा पक्क्या, मध्य पातळ आणि बुडबुडे पूर्ण ताणलेले असतात. उष्णता कमी झाली की बुडबुड्यांतली वाफ पुन्हा पाणी होऊ लागते आणि ते आकसतात. कोरडी हवा थोड्या थंडाव्याने फारशी आकसत नाही, वाफ मात्र लगेच. शिवाय तेवढा वेळ स्टार्च शिजण्याचं काम रेंगाळतं आणि वायू निसटत राहतो. जास्त सोड्याने आधीच काठावर आलेलं मिश्रण मग सावरत नाही.

ओटीजीत याचा फटका मोठ्या ओव्हनपेक्षा जास्त बसतो. आतली जागा लहान, दार पूर्ण पुढच्या बाजूचं, खाली पडणारं, काच पातळ. उघडताच गरम हवा वरून बाहेर पडते. दार लावल्यावर थर्मोस्टॅट रॉड पुन्हा चालू करतो, वरचा रॉड लाल होतो आणि केकचा माथा रंग धरतो, मधला भाग मात्र अजून मागेच असतो. वरून बदामी बघून आपण केक काढतो आणि तो बाहेर येऊन बसतो. दार दोन-तीनदा उघडलं की हे हमखास होतं.

नियम सोपा ठेवा: एकूण वेळेचा तीन चतुर्थांश भाग होईपर्यंत दार उघडायचं नाही. चाळीस मिनिटांचा केक असेल तर तीस मिनिटं. माथा लवकर गडद होत असेल तर तिसाव्या मिनिटाला वरून ॲल्युमिनियम फॉइल सैल टाका, तेव्हा दार उघडावं लागलं तरी चालतं. उघडायचं ते झटकन, आणि बंद करताना आपटायचं नाही. मध्येच लाईट गेली तर आत डोकवायला दार उघडू नका. पंचवीस-तीस मिनिटं झालेली असतील तर बंद ओव्हनमधल्या उष्णतेवर केक पुढे सरकतो, आणि लाईट आल्यावर तसाच भाजून घेता येतो. दहाव्या-पंधराव्या मिनिटाला गेली आणि बराच वेळ आली नाही, तर तो केक बसणारच, त्याचा दोष तुमच्या मापांना देऊ नका.

भाजलाय की नाही हे वरच्या रंगावरून ठरवू नका. कडा भांड्यापासून किंचित सुटलेल्या हव्यात. मधोमध बोटाने हलके दाबलं तर खळगा भरून वर यायला हवा. टूथपिक अगदी मध्यातच टोचा, कडेला टोचलेली नेहमी कोरडी येते. जास्त फुगलेल्या केकमध्ये मात्र टूथपिक फसवते, कारण ती मोठ्या पोकळीतून जाते आणि कोरडी निघते. खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरात वापरायचा टोचण्याचा थर्मामीटर घ्या. सांगलीत मध्यभाग ९६-९८ अंश दाखवत असेल तर केक झाला. ओव्हनच्या डायलवरचा १८० हा आकडाही डोळे झाकून मानू नका. ओटीजीत आतलं तापमान त्यापेक्षा दहा-वीस अंशांनी वरखाली असणं नेहमीचं आहे. आत जाळीवर ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर घेतला की एकदाच कळतं. वर-खाली दोन्ही रॉड चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं तापवा आणि जाळी अशा उंचीवर लावा की भांडं ओव्हनच्या मधोमध येईल.

भांड्याचं एवढंच: या मापाला सात इंची, तीन इंच उंच भांडं, अर्ध्यापेक्षा थोडं जास्त भरलेलं. त्याच मिश्रणाला सहा इंची उंच भांडं घेतलंत तर मध्यभाग आणखी उशिरा शिजतो. सांगलीचे बेदाणे घालणार असाल तर ते तळाला जाणं ही वेगळी तक्रार आहे, त्याचा खड्ड्याशी संबंध नाही. पातळ मिश्रणात ते बुडतात, एवढंच.

बसलेला केक वाचतो का? बाहेर काढून दोन-तीन मिनिटंच झाली असतील आणि आत ओलं असेल, तर फॉइल टाकून परत आठ-दहा मिनिटं ठेवा. ओलसरपणा जाईल, उंची परत येणार नाही. पूर्ण गार झालेला केक पुन्हा भाजण्यात अर्थ नाही, कडा वाळतात. कडेचा उंच भाग कापून सपाट करा, उलटा ठेवा, वर क्रीम लावा.

नणंदेच्या केकबद्दल. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, पाचगणी जवळपास तेराशे मीटरवर. उंचीवर हवेचा दाब कमी. तेवढ्याच सोड्याचा वायू तिथे जास्त जागा व्यापतो, बुडबुडे लवकर मोठे होतात आणि पाणी कमी तापमानाला वाफ होऊन उडतं. म्हणजे तुमचं मिश्रण सांगलीत काठावर असेल तर पाचगणीत ते काठ ओलांडतं. सातारा शहराला सहसा काही बदलावं लागत नाही. पाचगणी-महाबळेश्वरला लागतं.

तिच्यासाठी माप असं करा: बेकिंग पावडर पाऊण चमचा, सोडा अर्ध्यापेक्षा थोडा कमी, म्हणजे पाव चमचा आणि वर त्याच्या निम्मा. पाऊण कप साखरेतून एक टेबलस्पून काढा, कारण जास्त साखर भिंती पक्क्या व्हायला उशीर करते. दोन टेबलस्पून दूध जास्त घाला, वाफ होऊन उडतं त्याची भरपाई म्हणून. ओव्हन दहा अंश वाढवून १९० ठेवा, म्हणजे मध्यभाग बुडबुडे फुटायच्या आत पक्का होतो, आणि पाच मिनिटं आधीपासून तपासायला लागा. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे थर्मामीटरवर ९८ ची वाट बघत बसली तर केक वाळेल. ९४-९५ दिसलं की काढून घ्यायचा.